रोज एकच ग्लास वाइन आणि स्तनाचा कॅन्सर: "सात टक्के" म्हणजे नेमके किती?

मुक्ता४८

मी ४८ वर्षांची आहे. गेली अकरा-बारा वर्षं रात्री जेवताना एक ग्लास रेड वाइन घेते. एकच, त्यावर कधी नाही. माझ्या आईला ६३व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला होता. उपचार झाले, ती आता बरी आहे.

गेल्या महिन्यात मी मॅमोग्राफी करून घेतली. रिपोर्ट चांगला आला. त्याआधी भरायच्या फॉर्मवर "मद्य घेता का?" असा प्रश्न होता, मी "क्वचित"वर खूण केली. तिथल्या बाईंनी विचारलं, "क्वचित म्हणजे?" मी म्हटलं, "रोज एक ग्लास." त्यांनी काही न बोलता "क्वचित" खोडून "रोज" केलं आणि म्हणाल्या, "याने धोका थोडा वाढतो बरं का, दर दहा ग्रॅममागे साधारण सात टक्के." मागे रांग होती, पुढे काही विचारता आलं नाही.

तेव्हापासून ते सात टक्के डोक्यात बसलेत. शंभरातल्या सात जास्तीच्या बायकांना कॅन्सर होतो असा त्याचा अर्थ का? दहा ग्रॅम म्हणजे माझा ग्लास की अर्धा ग्लास? आणि दारूने लिव्हर बिघडतं हे माहीत होतं, पण प्यायलेल्या गोष्टीचा स्तनाशी काय संबंध? कुणी नीट समजावून सांगेल का?

संथवाहिनी

मुक्ताताई, इतकी काळजी करू नका. दारू वाईटच, पण रेड वाइनची गोष्ट वेगळी आहे. द्राक्षाच्या सालीत रेझव्हेराट्रॉल असतं, ते कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखतं असं प्रयोगांत दिसलंय. शिवाय थोडी वाइन हृदयाला चांगली असते हे तर सगळे डॉक्टर सांगत आलेत. तुमचा एक ग्लास म्हणजे औषधाच्या मापाचा. मी स्वतः घेत नाही, पण एवढं वाचलेलं आहे.

वामनकाका

आईंना झाला म्हणजे त्याही घेत असणार. घरातली सवय पुढच्या पिढीत येतेच. आता तरी सोडा.

मुक्ता४८

काका, आईने आयुष्यात थेंबभरही घेतलेली नाही. म्हणूनच तर मी गोंधळले आहे. तिला न पिता झाला, मी पिऊन अजून ठीक आहे.

नोंदवही

मुक्ताताई, मी डॉक्टर नाही. कॅन्सरच्या नोंदी आणि आकडेवारी सांभाळण्याच्या कामात एकोणीस वर्षं काढली आहेत, तेव्हा तुमच्या प्रश्नाचा आकड्यांचा भाग मी सांगू शकते.

आधी आईंबद्दल. स्तनाचा कॅन्सर झालेल्या बहुतेक बायकांच्या बाबतीत दारू हे कारण नसतंच. वय, कुटुंबातून आलेली जनुकं, पाळी कधी सुरू झाली आणि कधी गेली, मुलं कधी झाली, वजन, अशा कितीतरी गोष्टींतून तो धोका बनतो. दारू त्यात थोडी भर घालते. त्यामुळे एखादीच्या गाठीकडे बोट दाखवून "ही दारूमुळे झाली" किंवा "दारूमुळे नाही झाली" असं कुणीच सांगू शकत नाही. भर दिसते ती हजारो बायका एकत्र मोजल्यावर. काका, तुम्ही आईंबद्दल जो अंदाज बांधलात तो या कारणाने चालत नाही.

आता सात टक्के. हा आकडा २००२ साली आलेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणातला आहे. त्यात ५३ अभ्यासांतली माहिती एकत्र केली होती, कॅन्सर झालेल्या ५८ हजारांहून जास्त स्त्रिया होत्या. रोजच्या दर १० ग्रॅम अल्कोहोलमागे धोका ७.१ टक्क्यांनी वाढतो असं निघालं. नंतरच्या काही अभ्यासांत हाच आकडा दहाच्या आसपास येतो. पण ही वाढ *मूळ धोक्याच्या* सात टक्के आहे. मूळ धोका शंभरात ११ असेल तर त्याचे सात टक्के म्हणजे पाऊण, म्हणजे ११ चे पावणेबारा होतात. ११ चे १८ होत नाहीत.

हे ऐकून हायसं वाटेल, पण जरा थांबा. तुमचा ग्लास किती ग्रॅमचा आहे ते आपल्याला अजून माहीत नाही. तुम्ही एक काम करा. रोजच्याच ग्लासात, रोजच्याच उंचीपर्यंत पाणी ओता आणि ते पाणी मापाच्या भांड्यात मोजा. बाटलीच्या लेबलावर अल्कोहोलचे टक्के लिहिलेले असतात, तेही बघून लिहा.

मुक्ता४८

मोजलं. तीन वेळा ओतून पाहिलं, तिन्ही वेळा २१० मिलीच्या जवळपास आलं. लेबलावर १३.५ टक्के आहे. आता लक्षात येतंय, ७५० मिलीची बाटली मला साडेतीन दिवसच पुरते. त्यावरूनही तेवढंच येतं. मी एक ग्लास म्हणजे १५० मिली धरून चालले होते.

नोंदवही

हेच बऱ्याच जणांच्या घरी निघतं, त्यात तुमचं काही चुकलं असं नाही. ग्लास मोठे झालेत आणि वाइनही पूर्वीपेक्षा कडक झालीय.

२१० मिलीचे १३.५ टक्के म्हणजे २८ मिली शुद्ध अल्कोहोल. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं, एक मिलीचं वजन ०.७९ ग्रॅम भरतं. म्हणजे तुमच्या "एका ग्लासात" २२ ग्रॅम आहे. १५० मिली आणि १२ टक्क्यांची वाइन असती तर १४ ग्रॅम झालं असतं. फॉर्मवर दोन्ही "रोज एक" म्हणूनच लिहिलं जातं.

बाकीच्यांनीही हिशोब करून पाहावा म्हणून सांगते. ३० मिली व्हिस्कीत साधारण १० ग्रॅम असतं, म्हणजे मोठ्या पेगमध्ये २०. पाच टक्क्यांच्या ३३० मिली बिअरमध्ये १३ ग्रॅम. आणि आठ टक्क्यांची ६५० मिलीची स्ट्राँग बिअर एकट्याने संपवली तर ४१ ग्रॅम, म्हणजे दोन मोठे पेग. "मी फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्यांनी हे एकदा जरूर मांडून पाहावं.

संथवाहिनी, तुमच्या म्हणण्याचं उत्तरही यातच आहे. शरीराला येणारी वस्तू एकच, इथेनॉल. वाइन, बिअर आणि व्हिस्की वेगवेगळ्या करून पाहिल्या तरी स्तनाच्या कॅन्सरचा धोका ग्रॅमच्या हिशोबानेच वाढतो. रेझव्हेराट्रॉलचे परिणाम दिसले ते प्रयोगशाळेत, पेशींवर आणि उंदरांवर, आणि मात्राही अशा की वाइनमधून तेवढं मिळवायचं म्हटलं तर अशक्य. वाइन पिणाऱ्या बायकांमध्ये त्याचं संरक्षण कुठे दिसलेलं नाही.

तर्कशोधक

माझी शंका गंभीर आहे, कुणाला खिजवायचं म्हणून नाही. हे सगळे अभ्यास लोकांना "किती पिता?" विचारून केलेले. मुक्ताताईंनीच आधी "क्वचित" लिहिलं, मग "एक ग्लास" सांगितलं, आणि निघाले २२ ग्रॅम. माणसं कमीच सांगणार. मग दहा ग्रॅम सांगणारी बाई प्रत्यक्षात वीस पीत असेल, आणि वीसचा धोका आपण दहाच्या नावावर टाकत असू. शिवाय पिणाऱ्यांचं राहणीमान वेगळं, त्यांना मुलं उशिरा होतात, तपासण्याही ते जास्त करून घेतात. एकत्र दिसतं म्हणून एकामुळे दुसरं झालं असं कसं म्हणायचं?

नोंदवही

तुमची पहिली शंका खरी आहे आणि ती पूर्णपणे मिटलेली नाही. कमी सांगण्यामुळे खालच्या पातळीवरचा धोका थोडा फुगून दिसत असेल, हे या क्षेत्रातले लोकही मानतात. म्हणून "सात" या आकड्याला मी दगडावरची रेघ मानत नाही. सहा असेल, दहा असेल.

पण दुसऱ्या शंकेला चांगली उत्तरं आहेत. त्यातली दोन मला फार महत्त्वाची वाटतात.

एक प्रयोग असा झाला, त्याचे निष्कर्ष २००१ साली आले. पाळी गेलेल्या ५१ स्त्रियांना आठ-आठ आठवडे ठरावीक आहार दिला. त्यातल्या एका टप्प्यात रोज १५ ग्रॅम अल्कोहोल, एकात ३० ग्रॅम आणि एकात अजिबात नाही. तिन्ही टप्पे प्रत्येकीच्या वाट्याला आले, त्यामुळे तुलना तिची तिच्याशीच. राहणीमानाचा प्रश्नच उरला नाही. १५ ग्रॅमच्या टप्प्यात रक्तातलं इस्ट्रोन सल्फेट साडेसात टक्क्यांनी वाढलं, ३० ग्रॅमला जवळपास ११ टक्क्यांनी. पाळी गेल्यावर शरीरातलं इस्ट्रोजेन बऱ्याच अंशी याच साठ्यातून तयार होतं. आणि ज्यांच्या रक्तात इस्ट्रोजेन जास्त असतं त्यांना स्तनाचा कॅन्सर जास्त होतो, हे दारूचा विषय बाजूला ठेवूनही पक्कं ठाऊक आहे. मुक्ताताई, "स्तनाशी काय संबंध" याचं अर्धं उत्तर इथे आहे.

उरलेलं अर्धं असं. अल्कोहोल पोटातच थांबत नाही, रक्तातून सगळीकडे जातं. अंगावर पाजणाऱ्या आईने दारू घेतली तर दुधातलं अल्कोहोल रक्तातल्याइतकंच चढतं आणि रक्ताबरोबरच उतरतं. म्हणजे स्तनाच्या पेशींपर्यंत ते सरळ पोचतं. अल्कोहोल मोडताना आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार होतं आणि मग त्याचं निरुपद्रवी अ‍ॅसिटेट होतं. हे मधलं अ‍ॅसिटाल्डिहाइडच त्रासदायक. ते डीएनएला चिकटतं, आणि पेशी दुरुस्ती करताना चुकली की ती चूक पुढच्या पेशींमध्ये उतरते. यातलं काही काम स्तनाच्या पेशींमध्येही चालतं.

दुसरं उत्तर निसर्गानेच करून ठेवलेल्या प्रयोगातून येतं. पूर्व आशियातल्या बऱ्याच लोकांमध्ये अ‍ॅसिटाल्डिहाइड मोडणारं एन्झाइम जन्मतःच अधू असतं. दोन घोट घेतले की चेहरा लाल होतो, छाती धडधडते. ज्यांना या एन्झाइमच्या जनुकाची अधू प्रत आई आणि वडील दोघांकडून आली त्यांना दारू सोसतच नाही, ते जवळजवळ पीतच नाहीत, आणि त्यांना अन्ननलिकेचा कॅन्सर *कमी* होतो. ज्यांना एकाकडूनच आली ते थोडी सवय करून पिऊ शकतात, आणि त्यांना तोच कॅन्सर कितीतरी *जास्त* होतो. एन्झाइमची प्रत कुणी आपल्या राहणीमानावरून निवडत नाही. हा उलटसुलट नमुना दारूमुळे होतो असं धरलं तरच समजतो.

स्वरित

हा धागा मुद्दाम शेवटपर्यंत वाचला. मी पुरुष, वय ५७, प्रश्न जरा वेगळा आहे, चालेल ना?

चार वर्षांपूर्वी मला स्वरयंत्राचा कॅन्सर झाला. आवाज बसला होता, मी दोन महिने सर्दीच समजत राहिलो. रेडिएशन झालं, आवाज घोगरा राहिला पण आहे. सिगरेट त्याच दिवशी सोडली, कारण सगळ्यांनी सिगरेटचंच नाव घेतलं. रात्रीचे दोन पेग मात्र चालूच राहिले. त्याबद्दल मला कुणी काही बोललं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. दारूचा गळ्याशीही संबंध असतो हे मी आज इथे वाचतोय. आता सोडून उपयोग आहे का, की जे व्हायचं ते होऊन गेलं?

नोंदवही

स्वरितदादा, बरं झालं लिहिलंत. धागा याचसाठी असतो.

आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने मद्याला १९८८ सालीच कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या सर्वांत पक्क्या गटात टाकलं, तेव्हाच्या यादीत तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि लिव्हर होतं. स्तन आणि मोठं आतडं पुढे आलं. म्हणजे गळ्याचा संबंध हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात भक्कम आहे. तिथे दारू थेट लागून जाते, आणि तोंडातले जिवाणूही अल्कोहोलपासून अ‍ॅसिटाल्डिहाइड बनवतात, त्यामुळे लाळेत ते रक्तापेक्षा जास्त साठतं. सिगरेट सोबत असेल तर धोक्यांची नुसती बेरीज होत नाही, ते एकमेकांना गुणतात. तुमच्याकडे सिगरेटचंच नाव घेतलं गेलं, पण त्या काळात दोन्ही मिळून काम करत होत्या.

उपयोगाबद्दल. याच संस्थेने २०२३ साली "पिणं सोडल्यावर धोका उतरतो का" एवढाच प्रश्न घेऊन सगळे पुरावे तपासले. तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरबाबत, हो, उतरतो, याला पुरेसा पुरावा आहे असं त्यांनी म्हटलं. स्वरयंत्र, मोठं आतडं आणि स्तन यांच्याबाबत पुरावा त्याच दिशेचा आहे पण मर्यादित. तुमच्या बाबतीत मला त्यातला पहिला भाग महत्त्वाचा वाटतो, कारण ज्यांना एकदा स्वरयंत्राचा कॅन्सर होऊन गेलाय त्यांना शेजारच्याच भागात, म्हणजे तोंड, घसा, अन्ननलिकेत दुसरा नवा कॅन्सर होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा दोन पेगांची गोष्ट डॉक्टरांना नक्की सांगा. एक मात्र, चार वर्षांहून जास्त रोज घेताय, तेव्हा थांबवण्याआधी त्यांच्याशी बोला. हात थरथरणं, घाम, झोप उडणं असं काही झालं तर ते घरी सोसत बसायची गोष्ट नाही.

स्वरित

सांगतो. २१ तारखेला जायचंच आहे.

डॉ_फॅमिली

मी जनरल प्रॅक्टिस करते. नोंदवहींचं बहुतेक सगळं पटतं, एका ठिकाणी माझं मत वेगळं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३च्या जानेवारीत सांगितलं की आरोग्याला सुरक्षित अशी दारूची कोणतीही मात्रा नाही. हे वाक्य मी पेशंटला जसंच्या तसं सांगितलं की दोनपैकी एक गोष्ट होते. आठवड्याला एक ग्लास घेणारी घाबरते, आणि रोज चार पेग घेणारा म्हणतो, "एकाने होतं तर चाराने काय फरक पडतो?" मला आकडा लागतो. मुक्ताताईंना तरी आकडा सांगा, त्यांच्यासारखी शंभर माणसं समोर बसवून.

हृदयाबद्दलही सांगते. थोडी दारू हृदयाला चांगली असं आम्ही कॉलेजात शिकलो. पुढे लक्षात आलं की "न पिणाऱ्यां"च्या गटात आजारी पडल्यामुळे सोडलेले बरेच लोक होते, त्यामुळे थोडं पिणारे त्यांच्यापुढे निरोगी दिसत. हा दोष काढल्यावर फायदा बराच विरतो. पूर्ण शून्य होतो का, यावर अजून वाद आहे. पण हृदयासाठी म्हणून दारू सुरू करा असं मी कुणाला सांगत नाही.

नोंदवही

डॉक्टर, तुमचं म्हणणं मान्य. "सुरक्षित मात्रा नाही" याचा अर्थ "जिथून धोका सुरू होतो अशी पायरी सापडलेली नाही" इतकाच आहे, "एक आणि चार सारखे" असा नाही. पायरी सापडत नाही हे स्तनाच्या कॅन्सरमध्ये विशेष दिसतं. अमेरिकेतल्या नर्सेसच्या दीर्घ अभ्यासात, २०११ साली आलेल्या निष्कर्षांत, रोज सरासरी ५ ते १० ग्रॅम, म्हणजे आठवड्याला तीन ते सहा ड्रिंक घेणाऱ्यांतही धोका १५ टक्क्यांनी जास्त निघाला होता. आणि तिथे बरोबर जुळला तो अनेक वर्षांच्या एकूण पिण्याचा हिशोब, एखाद्या वर्षाचा नाही.

आता शंभर माणसं. २०२५च्या जानेवारीत अमेरिकी सरकारच्या प्रमुख आरोग्य सल्लागाराने, म्हणजे सर्जन जनरलने काढलेल्या सल्लापत्रकातले आकडे घेते. आठवड्याला एकाहून कमी ड्रिंक घेणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी साधारण ११ जणींना आयुष्यात कधीतरी स्तनाचा कॅन्सर होतो. रोज एक घेणाऱ्यांत १३. रोज दोन घेणाऱ्यांत १५. तिथलं एक ड्रिंक १४ ग्रॅमचं. मुक्ताताई, तुमचे २२ ग्रॅम एक आणि दोनच्या मध्ये पडतात, म्हणजे ढोबळ १४. तुमच्याइतक्याच पिणाऱ्या शंभर जणी खोलीत बसल्यात असं समजा. ८६ जणींना होणार नाही. ११ जणींना न पिताही झाला असता. दारूमुळे वाढलेल्या तीन. त्या तीन कोणत्या, ते त्यांनाही कधी कळणार नाही. सगळे दारूशी जोडलेले कॅन्सर एकत्र धरले तर हेच आकडे साडेसोळा, १९ आणि जवळपास २२ असे आहेत.

या आकड्यांना दोन बाजूंनी ताण आहे. ज्या देशांत स्तनाच्या कॅन्सरचं मूळ प्रमाणच कमी आहे तिथे ती तीनची भरही लहान होते. पण तुमच्या आईंना झालेला असल्यामुळे तुमचा स्वतःचा मूळ धोका सरासरीच्या दीडपट ते दुप्पट धरतात. दारूने होणारी टक्केवारीतली वाढ कुटुंबात कॅन्सर असलेल्या आणि नसलेल्या स्त्रियांत साधारण सारखीच दिसते, म्हणजे तेवढेच टक्के मोठ्या आकड्यावर बसतात. तिनाच्या जागी साडेचार ते सहा समजा. आईचा वारसा तुम्हाला बदलता येत नाही, म्हणून मी हे घाबरवायला सांगत नाही. त्या वारशावर बसणारी भर कुठली, एवढंच दाखवतेय.

संथवाहिनी

रेझव्हेराट्रॉलचं मी मागे घेते. पण एक विचारते. सात रात्री एक-एक घेण्यापेक्षा शनिवारी एकदाच चार घेतले तर बाकी सहा दिवस शरीराला विश्रांती मिळेल ना?

डॉ_फॅमिली

नाही हो. कॅन्सरच्या हिशोबात आठवड्याचे एकूण ग्रॅमच मोजले जातात, आणि एका बैठकीत जास्त घेतल्याने स्तनाचा धोका वेगळा वाढतो असंही काही अभ्यासांत दिसलंय. शिवाय एका रात्रीच्या चार ग्लासांनी पडणं, रक्तदाब, हृदयाचे ठोके बिघडणं हे सगळं येतं. कमी करायचं तर एकूण ग्रॅम कमी करा.

मुक्ता४८

सगळं दोनदा वाचलं. मी आजवर स्वतःला "घेणारी" समजतच नव्हते, म्हणून "क्वचित"वर खूण केली होती. तीन हा आकडा मला विचार करता येईल असा वाटला. सात टक्क्यांनी नुसती भीती वाटत होती.

पहिल्या झटक्यात बंद करेन असं म्हणत नाही. रोजच्या ऐवजी शनिवार-रविवार, आणि तेव्हाही १०० मिली मोजून. नोंदवही, १०० मिली १३.५ टक्के म्हणजे साडेदहा ग्रॅम, बरोबर ना? आठवड्याचे दीडशेवरून एकवीस.

आणखी एक. माझी मुलगी २१ वर्षांची आहे. तिच्या वयात तर काही फरक पडत नसेल ना?

नोंदवही

हिशोब अगदी बरोबर आहे. थांबल्यावर किंवा कमी केल्यावर स्तनाचा धोका किती वर्षांनी किती उतरतो याचं ठाम उत्तर मी देणार नाही, वर म्हटल्याप्रमाणे तो पुरावा मर्यादित आहे. नवी भर पडायची थांबते किंवा कमी होते, एवढं नक्की.

मुलीबद्दल मात्र उलट आहे. पाळी सुरू झाल्यापासून पहिल्या बाळंतपणापर्यंत स्तनाच्या पेशी अजून पूर्ण घडलेल्या नसतात, आणि त्या काळातली दारू स्वतंत्रपणे धोका वाढवते असं त्याच नर्सेसच्या अभ्यासांतून पुढे आलंय. रोजच्या दहा ग्रॅममागे साधारण अकरा टक्के. तिच्या वयात कॅन्सर दिसत नाही, पण हिशोब तिथूनच सुरू होतो.

तर्कशोधक

एक छोटा प्रश्न राहिला. "अल्कोहोल नसलेली" बिअर म्हणून जी मिळते तिच्या लेबलावर ०.५ टक्के असतं. तीही मोजायची का?

नोंदवही

३३० मिलीचे अर्धा टक्का म्हणजे दीड मिलीच्या आसपास, वजनाने १.३ ग्रॅम. दहा बाटल्या झाल्या तर एका साध्या बिअरइतकं होतं. मी तरी ते मोजणार नाही. फक्त लेबलावर शून्य लिहिलंय की ०.५ ते पाहून घ्या, आणि स्वरितदादांसारखं कुणी पूर्ण सोडत असेल तर त्यांनी त्याची चव जवळ ठेवायची की नाही हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

स्वरित

मी चवही ठेवणार नाही. २१ तारखेला जाऊन आलो की इथे लिहीन.